त्याच्या वतीने पान कोण निवडणार?

दोन माणसांच्या मनातलं न बोललेलं पाहण्यासाठी टॅरो मांडतात, तेव्हा पहिली दोन पानं गड्डीतून आपोआप येत नाहीत. ती उघड्या डोळ्यांनी निवडली जातात: एक तिच्यासाठी, एक त्याच्यासाठी. इंग्रजीत या पानाला सिग्निफिकेटर म्हणतात. हा शब्द ज्योतिषातूनही आपल्या ओळखीचा आहे, तिथे त्याला कारक म्हणतात. माझा आक्षेप टॅरोवर नाही. ही पानं गेली कित्येक वर्षं माझ्या घरात आहेत. माझा आक्षेप एवढाच आहे की, गैरहजर माणसाचं कारक पान आपण निवडतो आणि पुढे त्या मांडणीला ‘त्याच्या भावना’ म्हणतो. हे त्याचं मन वाचणं नव्हे, त्याच्या नावाने आपणच बोलणं आहे.

हा आक्षेप मला स्वतःला खोडून काढत घ्यावा लागला. दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीसाठी मी मांडणी केली होती. ती अडतीस वर्षांची, नवरा बेचाळीस. माहेर मराठी, सासर हिंदी, घर इथेच जबलपुरात. नवरा काही महिने घरात जेमतेम बोलत होता. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, “अगं, तो घुम्या झालाय.” दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आम्ही पानं काढली.

कारक पान निवडण्याचा सर्वांत प्रसिद्ध नियम आर्थर एडवर्ड वेट यांचा. 1909 साली लंडनहून निघालेली, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेली गड्डी आज जबलपुरातही मिळते. तिच्यावरचं वेट यांचं पुस्तक 1911 चं. त्यात नियम असा: चाळिशीच्या आतला पुरुष राजा, चाळिशीपुढचा स्वार. चाळिशीपुढची बाई राणी, तिच्या आतली पेज, म्हणजे हुजऱ्या. मग रंग पाहायचा. सोनेरी केस आणि निळे डोळे असतील तर काठ्या, फिकट तपकिरी केस असतील तर पेले, गडद तपकिरी केस आणि घारे किंवा करडे डोळे असतील तर तलवारी, काळे केस, काळे डोळे आणि सावळा वर्ण असेल तर नाणी.

हा नियम आपल्या गावात जसाच्या तसा लावून पाहा. जवळजवळ सगळं जबलपूर नाण्यांत जातं. सोळा दरबारी पानांपैकी चार पानांत सगळी वस्ती, आणि माझी मैत्रीण हुजऱ्या! वेट यांनी स्वतःच पळवाट ठेवली होती, की माणसाचा स्वभाव ठाऊक असेल तर त्यावरूनही पान ठरवता येतं. आज आपल्याकडे बहुतेक जण तीच वाट धरतात. मीही धरली. पण स्वभाव कोणाच्या तोंडून कळणार? जी विचारायला आली आहे तिच्याच.

मैत्रिणीसाठी मी पेल्यांची राणी काढली, कारण ती हळवी आहे. ‘घुम्या’ हा शब्द डोक्यात होता, म्हणून त्याच्यासाठी तलवारींचा राजा काढला: सिंहासनावर समोर तोंड करून बसलेला, हातात उगारलेली तलवार, चेहऱ्यावर न्यायनिवाडा. तिला डावीकडे ठेवलं, त्याला उजवीकडे. उरलेली 76 पानं पिसून प्रत्येकाखाली तीन मांडली: विचार, भावना आणि न बोललेलं. मधे एक दोघांसाठी.

त्याच्या ‘भावना’ या जागी पेल्यांची चौकडी आली. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन पेले, ढगातून आलेला एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि हा बघत नाही. वर तलवारींचा राजा बसलेला असल्यामुळे अर्थ एकच दिसला: तू जे देतेस ते त्याला नकोय. भर म्हणून मी आणखी एक गोष्ट दाखवली. पेल्यांची राणी डावीकडे पाहते, म्हणजे तिची पाठ त्याच्याकडे. मी म्हणाले, “तूही तोंड फिरवलंयस.”

त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं की, तुला मी नकोशी झाले आहे हे मला कळलंय. तो एवढंच म्हणाला, “तुमने मुझसे पूछा कब?” दोघं आज एका घरात आहेत, पण ते वाक्य तिच्या मनातून गेलेलं नाही, माझ्याही नाही.

आता तीच मांडणी पुन्हा पाहा. समजा, ती ‘घुम्या’ऐवजी ‘अबोल’ म्हणाली असती. घुम्या माणूस मनात काहीतरी धरून बसलेला असतो, अबोल माणूस फक्त बोलत नाही. ‘अबोल’ ऐकून मी नाण्यांचा स्वार काढला असता, आणि वेट यांच्या नियमाने तोच बरोबरही ठरला असता: थांबलेला काळा घोडा, कष्टाळू, सावकाश माणूस. त्याच्याखाली तीच चौकडी आली असती तर मी म्हणाले असते, दमलाय गं, हात पुढे करायचंही त्राण नाही. आणि राणीला उजवीकडे ठेवलं असतं तर ती त्याच्याकडे पाहत असती. नशिबाने आलेलं पान एकच. अर्थ बदलला तो एका विशेषणाने आणि टेबलावरच्या बाजूने, आणि दोन्ही आम्हीच ठरवलेले.

भाषांतरात ही चूक मी रोज पकडते. व्याकरणातलं कारक वाक्यात कोण कर्ता, कोण कर्म हे ठरवतं, ते चुकलं की पुढचे सगळे शब्द बरोबर असूनही वाक्य खोटं होतं. ज्योतिषाने निदान एक शिस्त पाळली आहे. विवाहाचा कारक शुक्र, हे विचारणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. छत्तीस गुण जुळवायचे तर दोन घरांतून दोन पत्रिका याव्या लागतात, मुलीकडच्यांनी मुलाची पत्रिका आपल्या मताने लिहून चालत नाही. टॅरोत आपण नेमकं तेच करतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पानं म्हणजे आरसा, त्यात आपलंच मन दिसतं. मान्य. पण आरशासमोर एक जण उभा असेल तर त्यात दोघं कशी दिसतील? आरसा म्हणायचं असेल तर दुसऱ्या रांगेवरचं ‘त्याच्या भावना’ हे शीर्षक खोडा आणि तिथे लिहा: ‘त्याला काय वाटतं असं मला वाटतं’. त्याच जागी आलेली चौकडी मग मैत्रिणीला सांगेल की, नकार मिळेल याची तिला भीती आहे. ते खरं होतं, आणि ते घेऊन ती नवऱ्याकडे वेगळ्या तोंडाने गेली असती.

आता मी दोघांसाठी मांडणी एकाच अटीवर करते. सोळा दरबारी पानं उघडी ठेवायची आणि दोघांनी आपापलं पान स्वतः उचलायचं. गंमत म्हणजे मग बरेचदा पुढची पानं लागतच नाहीत. “हे का घेतलंस?” एवढ्या प्रश्नावर तासभर जातो. दुसरा आलाच नसेल तर त्याची जागा मी रिकामी ठेवते. ती रिकामी जागा लोकांना खटकते. खटकू दे. त्या जागी बसायचं माणूस घरी आहे, त्याला जाऊन विचारा.