कवितेचा तक्ता आणि पिंपातले उंदीर

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, आमच्या आंजर्ल्याहून दापोलीला कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या वह्या बघा. आधुनिक मराठी कवितेच्या घटकाखाली बहुतेकांकडे एकच तक्ता दिसतो: डावीकडे ‘आशय’, उजवीकडे ‘अलंकार’. परीक्षेच्या आदल्या रात्री तो सोयीचा, हे मान्य. पण माझं मत विचाराल तर मर्ढेकरांपाशी आल्यावर तो चालत नाही.

‘काही कविता’ या १९४७ च्या संग्रहातली मेलेल्या उंदरांची कविता घ्या. वहीत लिहिलेलं असतं: ‘आशय – यंत्रयुगातल्या माणसाची अगतिकता. प्रतीक – उंदीर.’ यात चूक काहीच नाही. पण हेच वाक्य यंत्रयुगावरच्या दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटवता येतं. असं झालं की सारांश फसला म्हणून समजा.

मग बघायचं काय? पहिली ओळच बघा. ओलं आहे ते पिंप. बोलताना आपण ‘ओल्या पिंपात’ असंच म्हणू. कवीने मात्र ते विशेषण पिंपापासून तोडून क्रियापदाच्या पलीकडे, थेट उंदरांच्या शेजारी नेऊन ठेवलंय. व्याकरणाने ओल पिंपाची, पण ऐकताना ती उंदरांना लागते. हर्णै बंदरावरची पिंपं पाहिलेल्या आमच्या मुलांना हे चटकन कळतं, अगदी वासासकट! पुढे माना पडल्यात, पण कुणी मुरगळलेल्या नाहीत. ओठ ओठांना भिडलेत, पण ओढ नाही. घडतंय सगळं, त्यामागे इच्छा कुणाचीच नाही. अगतिकता आहे ती इथे, या नकारांत.

आणि हे सारं सोळा मात्रांच्या ठेक्यात, टाळी धरता येईल असं चालतं. गोष्ट मरणाची, चाल हलकी. उपरोध यातून येतो, हे मुलांना मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.

इथे केशवसुत आठवावेत, मालगुंडचे, आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी १८९२ मध्ये चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणलं. नव्या विचाराला नवा साचा दिला. मर्ढेकर बरेचदा उलट जातात. ओवी-अभंगाचे जुने साचे घेतात आणि त्यात यंत्रं, महानगर, इंग्रजी शब्द भरतात. म्हणजे दोघांच्याही कवितेत साचा हा आशयाचाच भाग आहे. दोन रकान्यांत तो कुठे बसवणार?

म्हणून मी मधे तिसरा रकाना आखायला सांगते. कवितेची एक ओळ सरळ गद्यात लिहायची आणि त्यात जे हरवलं ते या रकान्यात नोंदवायचं. वेळ लागतो; एका तासात एकच कविता होते. बाकीच्यांना जुना तक्ता राहू दे, पण घटकातल्या निदान दोन कविता अशा वाचून घ्या. आणि पालकांनो, घरी उजळणी घेताना अलंकाराचं नाव विचारण्याआधी एवढंच विचारा: “ही ओळ सरळ लिहिली असती तर काय गेलं असतं?”