‘मार्गदर्शन लाभले’ एवढ्याने भागत नाही

आपल्या शाळांत शिक्षक निवृत्त होतात तेव्हा शाल, श्रीफळ आणि भाषणं होतात. भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘त्यांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले.’ कोणतं मार्गदर्शन, कुणाला, कशाबद्दल, हे कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, नोकरीच्या पहिल्या आठवड्यांत ज्यांनी आपल्याला शेजारी बसवून काम शिकवलं, त्यांचे आभार त्या कामाचं नाव घेऊन मानले पाहिजेत. म्हणून इथे मी एका आपांनी मला काय शिकवलं ते तपशिलाने सांगतो. त्यांचं नाव लिहीत नाही, ते त्यांना आवडणार नाही.

मी एका उर्दू हायस्कूलमध्ये शिक्षणसेवक म्हणून लागलो. बी.एड.ला पाठ टाचण, मूल्यमापन, मानसशास्त्र सगळं शिकलो होतो. पण शाळेचं जनरल रजिस्टर कसं लिहायचं हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं. लिपिकाचं पद रिकामं होतं, मराठी बऱ्यापैकी येणारा मी नवा होतो, म्हणून पाचवीच्या प्रवेशाच्या नोंदी माझ्याकडे आल्या. त्या कामात आपा वीस वर्षं मुरलेल्या होत्या.

ज्यांचा शाळेशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंद. नाव, आईचं नाव, धर्म, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. शाळा सोडल्याचा दाखला या रजिस्टरवरून निघतो. दहावीचा बोर्डाचा फॉर्म याच्यावरून भरला जातो. पुढे पासपोर्ट, जातीचा दाखला, नोकरी, सगळीकडे हाच कागद बोलतो. मूल शाळेत शिकत असेपर्यंत, पुरावे जोडून आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन यात दुरुस्ती करता येते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. मुख्याध्यापकांनाही आपल्या मनाने खाडाखोड करता येत नाही.

आपांनी पहिला आठवडा मला पेन हातात घेऊ दिलं नाही. ‘पहले पढो,’ एवढंच म्हणाल्या. जुनी रजिस्टरं समोर ठेवली आणि शेऱ्याचा रकाना वाचायला सांगितला. जिथे लाल शाईत दुरुस्ती, आदेश क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही आहे, तिथे मूळ नोंद काय होती आणि का बदलावी लागली हे मी शोधायचं. आठवड्याच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की बहुतेक दुरुस्त्या तीनच ठिकाणी आहेत : नाव, जन्मतारीख आणि जात.

दुसऱ्या आठवड्यात पालक आले की मी त्यांच्या बाजूला बसून फक्त ऐकायचं. तिसऱ्या आठवड्यात कोऱ्या कागदावर पेन्सिलीने नोंद तयार करायची, पालकांना मोठ्याने वाचून दाखवायची, त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि आपांना दाखवायची. रजिस्टरमध्ये मी चौथ्या आठवड्यात लिहिलं, तेही त्या शेजारी असताना. हे सगळं त्यांनी आपल्या ऑफ तासांत केलं. त्यांचे स्वतःचे तास आणि वह्या तपासणं कुणी कमी केलं नव्हतं.

नावांचं शिक्षण त्यांनी ज्या बारकाईने दिलं ते मराठी वाचकांनाही कळावं. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे ‘आलम’ म्हणजे जग आणि ‘आलिम’ म्हणजे विद्वान, ही दोन नावं उर्दूत एकसारखीच लिहिली जातात. देवनागरीत मात्र एक निवडावंच लागतं. उलटही होतं. ‘शाहिद’ आणि ‘शहीद’, ‘आमिर’ आणि ‘अमीर’, ‘नासिर’ आणि ‘नसीर’ ही उर्दूत सरळ वेगळी दिसणारी नावं मराठीत घाईने लिहिली की एकमेकांत मिसळतात. आपांचा नियम असा की कागद पाहून नाव उतरवायचं नाही. आईला विचारायचं, ‘घरात हाक कशी मारता?’ आणि मग ते कागदाशी ताडून पाहायचं. फरक आढळला तर मनाने सुधारायचं नाही, पालकांना लगेच सांगायचं.

दुसरी गोष्ट रकान्यांची. आपल्याकडच्या फॉर्ममध्ये आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तीन चौकोन असतात. ‘अब्दुल रहमान’ हे एकच नाव आहे, त्याचा अर्थ रहमानचा, म्हणजे अल्लाहचा बंदा. भरणाऱ्याने अब्दुल एका चौकोनात आणि रहमान दुसऱ्यात टाकलं की मुलाचं नाव नुसतं ‘अब्दुल’ होतं आणि वडिलांचं नाव ‘रहमान’. आता यूडायस प्लसवरची माहिती आधारशी जुळवावी लागते, तेव्हा असा मुलगा अडकतो. आपा ही दोन्ही पदं एकाच चौकोनात लिहायला लावत, त्या काळात ऑनलाइन काहीच नव्हतं तरी.

तारखेबाबत त्या आधी अक्षरी लिहायला लावत, मग अंकी. देवनागरीतला एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरीतला पाच घाईत इंग्रजी चारसारखा वाचला जातो. अक्षरी लिहिताना माणूस थांबतो आणि चूक तिथेच सापडते. आणि १ जून ही तारीख दिसली की जन्माचा दाखला मागायचाच, कारण तारीख माहीत नसली की शाळाच अंदाजाने ती टाकत आल्या आहेत.

पण ज्या एका प्रकरणासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन ते जातीच्या रकान्याचं. फळांचा गाडा लावणारे एक वडील मुलीला घेऊन आले. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर आडनाव शेख आणि जात ‘मुस्लिम’ होती. ते म्हणाले, ‘आपा, हम तो बागवान हैं. वही लिख दो.’ महाराष्ट्रात बागवान, तांबोळी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत. पण ‘मुस्लिम’ हा धर्म आहे, जात नाही. जातीच्या रकान्यात तेवढंच लिहिलं असेल तर त्या मुलाला सवलतीचा हक्क दाखवायला कागदच उरत नाही. आपल्या समाजातल्या हजारो मुलांचं हे दुखणं आहे.

आपांनी ‘बागवान’ लिहिलं नाही. आधीच्या शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच उतरवलं. वडील नाराज झाले. तेव्हा आपांनी विचारलं, ‘तुमचे अब्बा शाळेत गेले होते का? कोणत्या गावात?’ ते दुसरीपर्यंत शिकले होते. आपांनी त्या गावच्या शाळेतून आजोबांचा निर्गम उतारा आणायला सांगितला. इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो, आणि गरीब घरात तेवढा जुना कागद बहुतेक वेळा शाळेच्या रजिस्टरमध्येच सापडतो. उतारा मिळाला. त्यात ‘मुसलमान बागवान’ अशी नोंद होती. मग वंशावळ, प्रतिज्ञापत्र, प्रांत कार्यालयातून वडिलांचा आणि मुलीचा जातीचा दाखला, आणि त्यानंतर शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव. जवळजवळ दोन वर्षं गेली. मुलगी सातवीत असताना मंजुरी आली आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ती नोंद झाली. दहावीला बोर्डाची प्री-लिस्ट तपासायला आली तेव्हा तिचं नाव आणि सगळे तपशील कागदांशी जुळत होते.

आपांनी पहिल्या दिवशीच वडिलांचं ऐकून ‘बागवान’ लिहिलं असतं तर ते खूश होऊन गेले असते. पण आधीचा दाखला एक सांगतो आणि रजिस्टर दुसरं, हे पडताळणीत उघड झालं असतं आणि खरी जातही संशयात आली असती. मदत करणं आणि खोटी नोंद करणं यातली रेषा मला कोणत्या प्रशिक्षणात नाही, त्या टेबलावर दिसली. त्या म्हणायच्या, ‘ये बच्चे की अमानत है.’ रजिस्टर सरकारचं असलं तरी नोंद त्या मुलाची आहे, आपण फक्त सांभाळणारे.

आता आभारांचं. आपण ‘जज़ाकल्लाह’ म्हणतो, म्हणजे अल्लाह तुम्हाला याचा बदला देवो. दुआ सुंदर आहे. पण ती म्हणून आपण आपल्या वाट्याचं देणंही अल्लाहवर सोपवून मोकळे होतो, असं मला अनेकदा वाटतं. बदला तो देईल, पण शाळेत त्या कामाची नोंद करणं आपल्याच हातात आहे. आपांच्या सेवापुस्तकात त्यांच्या नेमणुका, वेतनवाढी आणि रजा आहेत. त्यांनी कुणाकुणाला रजिस्टर लिहायला शिकवलं याची एक ओळही नाही. असं काम बहुतेक वेळा बायकांकडे येतं आणि त्याला ‘स्वभाव चांगला आहे’ असं म्हणून मोकळं होतात. तो स्वभाव नाही, ते कौशल्य आहे, आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून मला तीन गोष्टी रास्त वाटतात. नवा शिक्षक रुजू झाला की पहिला महिना त्याचे आणि शिकवणाऱ्याचे आठवड्यातले दोन ऑफ तास एकाच वेळी ठेवावेत, म्हणजे शिकवणं कुणाच्या जेवणाच्या सुट्टीतून कापलं जाणार नाही. शिक्षक सभेच्या इतिवृत्तात कुणी कुणाला काय शिकवलं हे लिहावं. आणि ज्याने शिकून घेतलं त्याने ती पद्धत लिहून काढावी. मी आपांची पद्धत दोन पानांत लिहिली, त्यांना वाचून दाखवली, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, आणि ती पानं आता चालू रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली आहेत. खाली त्यांचं नाव आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवी शिक्षिका आली. पहिला आठवडा तिलाही मी पेन दिलं नाही.