अज्ञानाची सही

व्यवसाय कायद्याच्या उत्तरपत्रिकेत वैध कराराचे घटक बहुतेक विद्यार्थी बिनचूक लिहितात : प्रस्ताव व स्वीकृती, पक्षांची करारक्षमता, मुक्त संमती, कायदेशीर प्रतिफल, कायदेशीर उद्देश आणि तो ठराव कायद्याने स्पष्टपणे शून्य ठरवलेला नसणे. गुण जातात ते उदाहरणावरील प्रश्नात. संमती फसवणुकीने मिळाली का, प्रतिफल पुरेसे होते का, यावर पानभर मजकूर होतो आणि सही करणाऱ्याचे वय प्रश्नातच दिलेले आहे, याकडे लक्ष जात नाही. म्हणून ही सूची तपासताना करारक्षमता आधी पाहावी.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करारास अक्षम असते. येथे 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेला. वर्गात पहिला येणारा विद्यार्थीही त्यात आला.

अशा ठरावाचे काय होते, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले नव्हते. ते ठरले मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात. १८९५ साली कलकत्त्यात धर्मोदासने अज्ञान असताना एका सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवली. तो अज्ञान असल्याची सूचना सावकाराच्या वकिलास मिळालेली होती. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की असा ठराव मुळापासूनच शून्य आहे. करारच जन्मला नाही, म्हणून कराराच्या आधारे दिलेली रक्कम परत मागण्याचा दावाही टिकला नाही.

आता एकच प्रसंग थोडा बदलत जाऊन पाहावा. सतरा वर्षांच्या मुलाने वचनचिठ्ठी लिहून व्यापाऱ्याकडून ५०,००० रुपये घेतले. व्यापारी चिठ्ठीवरून वसुली करू शकेल काय? नाही.

मुलाने आपले वय एकोणीस सांगितले होते, तर? तरीही नाही. 'मी अज्ञान होतो' हा बचाव त्याला घेता येतो. अन्यथा एका खोट्याने कायद्याचे संरक्षणच संपले असते. मात्र त्याने घेतलेला लाभ परत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, एवढे उत्तरात नोंदवावे.

अठरा पूर्ण झाल्यावर त्याने त्याच जुन्या रकमेसाठी नवी चिठ्ठी लिहून दिली, तर? येथे पुष्कळजण चुकतात. शून्य ठरावाला मागाहून मान्यता देता येत नाही आणि नव्या चिठ्ठीला नवे प्रतिफल नाही.

व्यापाऱ्याने रोख रकमेऐवजी त्याच्या राहणीमानास साजेसे अन्नवस्त्र पुरवले असते, तर कलम ६८ लागू होते. योग्य किंमत मिळते, परंतु ती मुलाच्या मालमत्तेतून. मालमत्ता नसेल, तर तो व्यक्तिशः जबाबदार नाही.

आणि मुलानेच पैसे उसने देऊन व्यापाऱ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली असेल, तर? ती वसूल होते. अज्ञानावर देणे लादता येत नाही, पण त्याला येणे असू शकते.