मग्दालिया मरियेबद्दल आम्ही लिहिलेली चूक



तपःकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही लिहिलेल्या चिंतनात असे वाक्य होते: “मग्दालिया मरिया ही पूर्वी वेश्या होती, तिने शिमोन परुश्याच्या घरी प्रभूचे पाय आसवांनी धुतले.” हे चुकीचे आहे. शुभवर्तमानात मग्दालिया मरियेला कोठेही वेश्या म्हटलेले नाही, आणि शिमोनाच्या घरी आलेल्या स्त्रीचे नाव लूकने दिलेले नाही.

चूक आमच्या लक्षात आली नव्हती. क्रूसाची वाट संपल्यावर एका आजींनी बायबल पुढे धरले आणि म्हणाल्या, “मास्तर, लूकच्या सातव्यात तिचं नाव कुठं आहे ते दाखवा की.” आम्हाला दाखवता आले नाही. नाव आहे ते आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत, आणि तेथे एवढेच म्हटले आहे की तिच्यातून सात भुते निघाली होती. शुभवर्तमानात भूत लागणे म्हणजे पीडा, आजार, हाल. त्याचा अर्थ बदफैली असा कोठेच होत नाही. बेथानीची मरिया, जिने योहानाच्या बाराव्या अध्यायात प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावले, ती तिसरीच.

आता काही जण म्हणतात, “एवढा गाजावाजा कशाला? पुढच्या वेळी ते वाक्य गाळा, झाले. भाविकांचा विश्वास डळमळेल.” सल्ला प्रेमाचा आहे, पण आम्हाला तो मुळीच मान्य नाही. कारण हाच उपाय याच मरियेच्या बाबतीत एकदा होऊन गेला आहे आणि तो फसला आहे.

पोप थोर ग्रेगरी यांनी इ.स. ५९१ मध्ये रोम येथे केलेल्या प्रवचनात या तिघींना एकच ठरवले आणि सात भुते म्हणजे सात महापापे असा अर्थ लावला. पाप्यांना आशा मिळावी हा त्यांचा हेतू होता. पूर्वेकडील ख्रिस्तसभेने हे एकीकरण कधी स्वीकारले नाही. पश्चिमेत मात्र ते चित्रांत, प्रवचनांत, आईच्या गोष्टींत उतरले. २२ जुलैच्या मिस्सात लूकचा सातवा अध्यायच वाचला जाई. १९६९ च्या सुधारणेत तो काढून योहानाचा विसावा अध्याय आला, म्हणजे कबरेपाशी रडणारी आणि पुनरुत्थित प्रभूला पाहणारी मरिया. वाचन बदलले, पण “आजवर आपण जे ऐकलेत ते चूक होते” असे बाकांवर बसलेल्या माणसाला कोणी सांगितले? २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या दिवसाला प्रेषितांच्या बरोबरीचा सणाचा दर्जा दिला. तरीही त्यानंतर कित्येक वर्षांनी आम्ही, शिकवणीला बसणारी माणसे, जुनेच लिहून मोकळे झालो. गुपचूप बदललेली गोष्ट बदललेली कळतच नाही.

उलट संत ऑगस्टीन पाहा. वयाच्या सत्तरीत, इ.स. ४२६-४२७ च्या सुमारास, त्यांनी आपलेच ग्रंथ एकेक करून पुन्हा तपासले आणि चुकांची नोंद करणारा वेगळा ग्रंथ लिहिला. पेलाजियसविरुद्धच्या एका पुस्तकात काही वचने रोमचे बिशप आणि रक्तसाक्षी सिक्स्तस यांची समजून त्यांनी त्यांचे समर्थन केले होते. पुढे वाचनात आले की ती सेक्स्तस नावाच्या, ख्रिस्ती नसलेल्या तत्त्वज्ञाची आहेत. ती वचने त्या नावाने आधी पेलाजियसनेच दिली होती, म्हणजे दोष प्रतिपक्षावर ढकलायला आयतीच जागा होती. ऑगस्टीनने ते सांगितले, पण त्याची ढाल केली नाही: मला तसे वाटले होते, नंतर वाचले ते असे आहे, इतकेच.

आमच्या पहिल्या मसुद्यात मात्र “परंपरेनुसार” हा शब्द होता, ग्रेगरींचे नाव पहिल्याच ओळीत होते, आणि “काहींचा गैरसमज झाला असल्यास” हेही होते. गैरसमज कोणाचा झाला होता? वाचणाऱ्यांनी आम्ही लिहिले तेच वाचले. ती तिन्ही वाक्ये खोडली. ग्रेगरी या लेखात आले ते चूक पसरली कशी हे सांगायला. आमच्यापुरते बोलायचे तर लूक उघडून पाहायला दोन मिनिटेही लागली नसती.

जुना लेख आम्ही काढलेला नाही. चुकीच्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली आहे, ते खालून वाचता येते, आणि शेजारी बरोबर मजकूर व तारीख घातली आहे. चूक वाक्यापुरती नव्हती, हेही सांगितले पाहिजे. “वेश्येलाही प्रभू पहिला दिसतो” हा आमचा सगळा निष्कर्ष त्यावर उभा होता, म्हणून तो परिच्छेदही मागे घेतला आहे.

हेच चिंतन दृढीकरणाच्या वर्गात वाचून दाखवले होते आणि त्याच्या प्रती मुलांनी घरी नेल्या होत्या. म्हणून येत्या रविवारी त्याच वर्गात, त्याच टेबलापाशी उभे राहून, आधी चुकीचे वाक्य आणि मग लूकचे दोन्ही अध्याय वाचणार आहोत. प्रत घरी असेल त्यांनी ती सोबत आणावी. रेघ मुलांनी स्वतःच्या हाताने मारायची आहे.