शेकडा साडेतीन म्हणजे वर्षाला किती?

सावकाराने ‘शेकडा साडेतीन’ म्हटले की आपल्या वस्तीतला माणूस लगेच बारा महिन्यांचा हिशेब करतो. मात्र तोच आकडा क्रेडिट कार्डाच्या बिलावर 3.5 टक्के असा छापून आला, की तो वर्षाचा दर समजला जातो. फसगत येथेच सुरू होते. साडेतीन गुणिले बारा म्हणजे वर्षाला 42 टक्के! थकलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात चढत गेले, तर हाच दर 51 टक्क्यांवर जातो.

आता दुसरी मेख पाहू. समजा, येरवड्यातील एका कर्मचाऱ्याने 12 जूनला लक्ष्मी रस्त्यावर कार्डावर 20,000 रुपयांची खरेदी केली. बिल 10 जुलैला निघाले, मुदत 30 जुलैची. त्या दिवशी त्याने ‘किमान रक्कम’ म्हणून 1,000 रुपये भरले. उरलेल्या 19,000 रुपयांवर 30 जुलैपासून व्याज लागेल, असे त्याला वाटले. पण पूर्ण रक्कम न भरल्याने बिनव्याजी मुदत रद्द झाली आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजले गेले.

12 जून ते 30 जुलै हे 48 दिवस. 20,000 रुपयांवर 42 टक्के म्हणजे वर्षाचे 8,400 रुपये, दिवसाचे सुमारे 23. म्हणून 48 दिवसांचे व्याज 1,105 रुपये. पुढे 10 ऑगस्टच्या बिलापर्यंत 11 दिवस, 19,000 रुपयांवर 240 रुपये. एकूण 1,345. त्यावर 18 टक्के जीएसटी 242. म्हणजे 1,587 रुपये. हजार रुपये भरूनही देणे 20,000 वरून 20,587 झाले! मधल्या काळात नवी खरेदी केली असेल, तर तिलाही सवलत नाही. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

कायदा काय म्हणतो? 7 जुलै 2008 रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावरील 30 टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे 30 टक्क्यांची ती ढाल आता राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वार्षिक दर सांगणे मात्र बंधनकारक आहे. तो शोधून वाचा.

पूर्ण रक्कम भरता येत नसेल, तर मुदतीची वाट पाहू नका. हाती येतील तेवढे पैसे त्याच दिवशी भरा, कारण व्याज दिवसावर चालते. जुने देणे फिटेपर्यंत कार्ड खिशातून काढू नका. ‘किमान रक्कम’ भरल्याने फक्त दंड टळतो, व्याज टळत नाही!