कर्ड्याच्या न्हाव्याने कोणता हिशेब केला?

नीतीचा उगम कशात आहे, बुद्धीत की भावनेत, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातच शोभतो अशी आपली समजूत असते. परंतु शिक्रापूर ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कर्डे या गावी डिसेंबर 1874 मध्ये हा प्रश्न अगदी व्यवहाराच्या पातळीवर उभा राहिला होता. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदाराविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा मिळवला. रक्कम होती अवघी दीडशे रुपये. त्या दीडशे रुपयांपोटी देशमुखांचे राहते घर पाडले गेले. ते पाहून गाव उठले. काळूरामच्या दुकानातून कोणी जिन्नस घेईना, त्याची जमीन कोणी कसेना. न्हावी, परीट, सुतार, चांभार असे सारे बलुतेदार त्याचे काम करीनासे झाले. हा बहिष्कार गावोगाव पसरला आणि 12 मे 1875 रोजी सुपे येथे त्याने दंग्याचे रूप घेतले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखले जाणारे प्रकरण ते हेच.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने प्रस्तुत लेखक या दंग्यांची कारणे दरवर्षी वर्गात सांगतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव 1865 नंतर कोसळले, पाठोपाठ फेरआकारणीने शेतसारा वाढला आणि शेतकरी कर्जात रुतला. हे सारे खरेच आहे. मात्र त्यातून शेतकरी कर्जबाजारी का झाला एवढेच कळते. घर पडले ते देशमुखांचे. मग न्हाव्याने आपले गिऱ्हाईक का सोडले, याचे उत्तर कापसाच्या भावात सापडत नाही.

आता काळूरामची बाजू घेऊन पाहू. रोखा खरा होता, हुकूमनामा कायदेशीर होता, आणि दिलेले वचन पाळावे या तत्त्वालाही कोणी हरकत घेणार नाही. त्या काळच्या कर्जाचा हिशेबही असाच बिनचूक असे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. पण सावकार मुदत भरत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. उदाहरणादाखल शंभर रुपये शेकडा चोवीस दराने घेतले असे धरू. तीन वर्षांनी नवा रोखा 172 रुपयांचा होतो, सहा वर्षांनी सुमारे 296 चा आणि नवव्या वर्षी सुमारे 509 चा. यातील प्रत्येक पायरी गणिताने बरोबर आणि प्रत्येक रोख्यावर ऋणकोची निशाणी. बुद्धीने तपासू म्हटले तर यात चूक दाखवता येत नाही, आणि तरीही हे सारे अन्यायाचे आहे असे आपणास वाटतेच.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने 1740 मध्ये मांडलेला मुद्दा नेमका हाच आहे. एखादे दुष्कृत्य हवे तितके न्याहाळा, त्यात तुम्हांला घटना, हेतू आणि परिणाम सापडतील. ‘वाईटपणा’ नावाची निराळी वस्तू सापडणार नाही. ती सापडते आपण आपल्या अंतःकरणात डोकावतो तेव्हा, तेथे उमटलेल्या नापसंतीच्या भावनेत. त्याच्या आधी 1725 मध्ये फ्रान्सिस हचिसन याने असे प्रतिपादले होते की, डोळ्यास जसा रंग दिसतो तशी बरे-वाईट जाणणारी एक नैतिक संवेदना मनुष्यास उपजतच असते. हचिसनचा ग्लासगो येथील विद्यार्थी म्हणजे अ‍ॅडम स्मिथ. आम्ही अर्थशास्त्रवाले त्याला स्वार्थाचा भाष्यकार म्हणून ओळखतो. पण ‘राष्ट्रांची संपत्ती’ हा ग्रंथ येण्याच्या सतरा वर्षे आधी, 1759 मध्ये, त्याने नैतिक भावनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. वेगळ्या इंद्रियाची गरज नाही, सहानुभूती पुरेशी आहे, असे त्याचे म्हणणे. सहानुभूती म्हणजे कीव नव्हे. दुसऱ्याच्या जागी कल्पनेने उभे राहणे आणि तेथून त्याचा संताप आपल्यालाही पटतो की नाही हे पाहणे, असा तिचा अर्थ. न्यायाची जाणीव स्मिथच्या मते अशा वाटून घेतलेल्या संतापातून जन्मते. कर्ड्याच्या न्हाव्याने हिशेब केला असेल तर तो हाच. पडलेल्या घराच्या उंबरठ्यावर तो क्षणभर स्वतः उभा राहिला.

येथवर सिद्धान्त आणि घटना यांचा मेळ बसतो. परंतु पुढची हकीकत वाचताना सहानुभूतीच्या कैवाऱ्यास थांबावे लागते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. जेथे ब्राह्मण व इतर जातींचे सावकारही होते, तेथेही रोष बहुधा केवळ मारवाडी सावकारांवर उतरला. व्यवहार सारखाच, पण बाहेरून आलेल्याच्या जागी कल्पनेने उभे राहणे गावास जमले नाही. उलट, ज्याचे घर पडले तो देशमुख होता, वजनदार घराण्यातला होता. गावातील एखाद्या भूमिहीनाची झोपडी पडली असती तर न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला असता काय? तशी खात्री देण्याचे धाडस मी करणार नाही.

स्मिथला ही उणीव ठाऊक होती. त्याचेच उदाहरण आहे: उद्या आपली करंगळी तुटणार असे कळले तर मनुष्यास रात्री झोप येत नाही, पण दूर चीन देश भूकंपात गडप झाला तरी तो स्वस्थ घोरतो. म्हणून स्मिथने ‘निःपक्षपाती प्रेक्षक’ कल्पिला. ज्याचा दोन्ही पक्षांशी संबंध नाही अशा तिऱ्हाइताच्या नजरेने आपली भावना तपासावी, आणि त्यास जेवढी पटेल तेवढीच ठेवावी. या तपासणीत बुद्धीला काम आहे, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. माझ्या मते या वादाचा निर्णयही येथेच आहे. अन्याय झाला हे प्रथम सांगते ती भावना. तो आणखी कोणावर होतो आहे हे शोधण्याचे काम बुद्धीचे.

1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने असा प्रेक्षक काही अंशी न्यायासनावर बसवला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांतील न्यायाधीशास रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. 509 रुपयांचा रोखा समोर आला तर मुळात हातात किती पडले, हे तो विचारू शकत होता. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणेही बंद झाले. ज्या शेतकऱ्याचे घर पाडले जाताना कोणी पाहिले नाही, त्यालाही हा कायदा लागू होता. गावाच्या संतापाला ते साधले नसते; पण तो संताप नसता तर हा कायदा तरी कशाला झाला असता?

आज शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने उभे आहेत, आणि पत्र्याच्या खोल्यांत मराठवाड्यातून, बिहारमधून आलेले कामगार भाड्याने राहतात. एखाद्याचे सामान भाडे थकले म्हणून खोलीबाहेर फेकले गेले, तर करारानुसार ते बरोबरही ठरेल. त्या वेळी शेजारचा दुकानदार काय करतो, यावर कर्ड्याचा वारसा आपण किती सांभाळला हे ठरेल. तो कामगार आपल्या गावचा नाही एवढ्याच कारणाने आपला संताप जागा होत नसेल, तर निःपक्षपाती प्रेक्षकाला पाचारण करण्याची वेळ आली आहे, असे समजावे.