चलन जोडलं म्हणजे पीएफ भरला असं नसतं!

घंटागाडीवरचे कामगार पगारासाठी नगरपरिषदेच्या दारात बसले की एक उत्तर ठरलेलं असतं : "ते आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत." हे उत्तर कायद्यात बसत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१ सांगत होतं की ठेकेदाराने पगार थकवला किंवा कमी दिला, तर फरक मूळ मालकाने द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या नव्या कामगार संहितेतही ही जबाबदारी मूळ मालकावरच आहे. नगरपरिषदेच्या ठेक्यात मूळ मालक नगरपरिषदच. म्हणजे ठेकेदाराने बुडवलेले पैसे शेवटी तुमच्या-माझ्या घरपट्टीतून जाणार.

म्हणूनच बिल पास होण्याआधीचं अंतर्गत लेखापरीक्षण महत्त्वाचं. पण ते बहुतेक ठिकाणी होतं कसं? बिलाला हजेरीपत्रक जोडलंय का, पीएफचं चलन जोडलंय का, बघायचं आणि टिक मारायची. खरी गोम इथेच आहे.

हिशोब करून बघू. समजा एका ठेक्यात ६० कामगार आहेत. रोज ५०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे प्रत्येकी १३,००० रुपये. कामगाराच्या पगारातून पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये कापले जातात. मालकाचा हिस्सा विमा आणि प्रशासकीय शुल्क धरून १३ टक्के, म्हणजे १,६९०. एकूण ३,२५० रुपये खात्यात जायला हवेत, आणि ठेकेदार नगरपरिषदेकडून तेवढेच धरून बिल घेतो.

आता गंमत बघा. पीएफ भरताना ठेकेदार ईसीआर नावाची नावनिशीवार यादी ऑनलाइन चढवतो. तिच्यात 'एनसीपी दिवस' असा एक रकाना असतो, म्हणजे बिनपगारी गैरहजेरीचे दिवस. तिथे प्रत्येकापुढे १३ लिहिलं आणि पगार ६,५०० दाखवला की भरणा निम्मा, १,६२५ रुपये. चलन अस्सल, तारीखही वेळेतली. पण माणशी १,६२५ रुपये खिशात. ६० जणांचे महिन्याला ९७,५०० आणि वर्षाला ११ लाख ७० हजार. कामगाराच्या पगारातून मात्र पूर्ण १,५६० कापलेले असतात. त्यातले ७८० कुठे गेले हे त्याला कळतच नाही. कागदावर गैरहजर दाखवलेले दिवस पेन्शनच्या सेवेतूनही वजा होतात, ते वेगळंच.

चलनाच्या एकूण रकमेवरूनही हे पकडता येत नाही. ठेकेदाराची तीन-चार गावांत कामं असतात, पीएफचा कोड एकच, चलन एकत्र. रक्कम मोठी दिसते आणि साहेब खूश!

पकडायचं असेल तर तीन कागद शेजारी ठेवावे लागतात. आरोग्य निरीक्षकाच्या सहीचं हजेरीपत्रक, पगार खात्यात गेल्याची बँकेची यादी आणि ईसीआर. एकच नाव तिन्हीकडे शोधायचं. हजेरीवर २६ दिवस आणि ईसीआरमध्ये १३ गैरहजर, तर चोरी समोर आली. हजेरीवर नाव आहे पण ईसीआरमध्ये नाहीच, तर तो माणूस एकतर बिनपीएफचा राबतोय किंवा मुळात अस्तित्वातच नाही. हे बघायला पहाटे सहाला हजेरी शेडवर जाऊन डोकी मोजावी लागतात. ऑफिसात बसून ते होत नाही.

कागदांचीही मर्यादा आहे. पगार खात्यात जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुकादम दोन-तीन हजार रोख परत घेतो, किंवा एटीएम कार्डच स्वतःकडे ठेवतो. तिन्ही कागद तंतोतंत जुळतात! ते फक्त कामगाराशी, मुकादम जवळ नसताना, बोलल्यावरच कळतं.

वेळही महत्त्वाची. वर्षाने लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, तोवर ठेका संपलेला, अनामत परत गेलेली. मग पीएफ कार्यालयाची व्याज-दंडासह नोटीस आली की वसूल करायचं कोणाकडून?

माझी मागणी साधी आहे. चलनाबरोबर आपल्या गावच्या कामगारांची ईसीआर यादी आल्याशिवाय आणि ती हजेरीशी जुळल्याशिवाय लेखा विभागाने बिल पुढे पाठवू नये. शेवटच्या महिन्याचा पीएफ जमा झाल्याची खात्री होईपर्यंत अनामत सोडू नये. आणि कामगार बंधू-भगिनींनो, यूएएन नंबर मागून घ्या, उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा. पगारातून कापलेला आकडा आणि तिथला 'कर्मचारी हिस्सा' सारखा नसेल, तर पासबुकाची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यानंतर "आम्हाला माहीत नव्हतं" असं कोणाला म्हणता येणार नाही.